हायफन, कॅपिटल आणि आकडे: एका वनस्पतिग्रंथाच्या स्टाइलशीटच्या नोंदी

२ जून

बाड आज मेलवर आले. सह्याद्रीतल्या देवरायांमधल्या झाडांवरचा ग्रंथ, १८ प्रकरणे, तीन परिशिष्टे, सुमारे १,४०,००० शब्द. लेखक वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. लेखन ११ वर्षे चालू होते, आणि ते फाइलवरूनच कळते. पहिली सहा प्रकरणे जुन्या फाँटमध्ये टाइप करून नंतर युनिकोडमध्ये बदललेली, पुढची थेट युनिकोडमध्ये, शेवटची दोन बरीचशी फोनवर लिहिलेली. मजकूर मात्र पहिल्या पानापासून पकड घेणारा आहे. इतकी बारीक नजर असलेला माणूस एकाच शब्दाला चार तऱ्हांनी लिहितो, याचे कारण एकच: ११ वर्षांपूर्वी आपण काय ठरवले होते ते कुणालाच आठवत नाही.

प्रकाशकांनी संपादनाला आठ आठवडे दिले आहेत. शुद्धलेखन मी आणि दुसरे मुद्रितशोधक मिळून पाहू. त्याआधी स्टाइलशीट, म्हणजे लेखनाच्या निर्णयांचे पत्रक, करायला हवी. हायफन कुठे, रोमन नावांत मोठे अक्षर कुठे, आकडे कसे, एवढ्याच तीन गोष्टींची.

५ जून

पहिले वाचन फक्त टिपणासाठी. हे वाचताना काही दुरुस्त करायचे नाही, असे मी स्वतःला बजावून बसते. तिसऱ्या प्रकरणात दुरुस्त्या सुरू केल्या आणि बाराव्यात कळले की लेखकाचा कल उलटा आहे, तर मागे जाऊन सगळे उलटवावे लागते. दोन वर्षांपूर्वी एका चरित्राच्या वेळी हे करून बसले होते.

वहीत चार रकाने: शब्द, दिसलेली रूपे, प्रकरण-पान, निर्णय. शेवटचा रकाना कोरा.

९ जून

सगळ्यांत जास्त वेळा अडलेला शब्द निघाला «निमसदाहरित». हा जंगलाचा प्रकार आहे, म्हणून प्रत्येक प्रकरणात येतो. शोधून मोजले: हायफनने «निम-सदाहरित» ६१ ठिकाणी, जोडून ४४ ठिकाणी, मध्ये जागा सोडून ३८ ठिकाणी. शिवाय सात ठिकाणी हायफनच्या जागी लांब डॅश.

तरी शंका होतीच, कारण पाचव्या प्रकरणात डोळ्यांनी मोजले तर आठ आणि शोधात सहा. दोन कुठे गेले? त्यांतल्या एकात साधा हायफनच नव्हता. वर्डमध्ये न तुटणारा हायफन वेगळा असतो. दिसायला तोच, पण शोधाला तो दुसरे अक्षर वाटतो. दुसऱ्यात पर्यायी हायफन होता. हा ओळीच्या शेवटी आला तरच दिसतो, एरवी अदृश्य. शब्द जोडलेला दिसतो पण आत काहीतरी लपलेले असते. वर्डच्या शोधपट्टीत हे असे टाइप केले की सापडतात:

```
^-    पर्यायी हायफन
^~    न तुटणारा हायफन
^=    मधला डॅश
^+    लांब डॅश
```

संपूर्ण फाइलमध्ये पर्यायी हायफन ९३ होते, सगळे पहिल्या सहा प्रकरणांत. ते आधी काढून टाकले. यापुढे कोणतेही मोजमाप या साफसफाईनंतरच.

आता निर्णय. संख्येने «निम-सदाहरित» पुढे आहे, पण केवळ बहुमतावर मी जात नाही. लेखकाने «निमशहरी», «उपजाती», «अतिवृष्टी», «पुनर्लागवड» हे सगळे न अडखळता जोडून लिहिले आहेत. पूर्वपद स्वतंत्रपणे वाक्यात उभे राहत नसेल तर जोडायचे, ही त्यांचीच न लिहिलेली रीत आहे. «निम» वाक्यात एकटा येत नाही. म्हणून «निमसदाहरित», जोडून. सरांना विचारले. ते म्हणाले, "लांब शब्द झाला की मला भीती वाटायची, विद्यार्थी चुकीचा तोडतील. पण तुमचं बरोबर आहे, निमशहरी कुणी तोडत नाही."

१२ जून

पूर्वपदांचा नियम सोपा. जोडशब्दांचा नाही.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम या बाबतीत फारसा आधार देत नाहीत. १९६२चे १४ नियम आणि १९७२मध्ये भर पडलेले चार, यांत अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घ यांचा विचार आहे. «हळूहळू»चा उल्लेख येतो तोही ऊकारासाठी. शब्द तिथे जोडून छापलेला आहे, एवढाच संकेत. म्हणून पुनरुक्त शब्द जोडून: हळूहळू, मोठमोठे, ठिकठिकाणी. यावर सरांचे आणि माझे एका मिनिटात जमले.

(वरच्या परिच्छेदात मी «१९६२चे» जोडले आणि «१९७२मध्ये»सुद्धा जोडले. हे ठरवायचे राहिले आहे. आकड्यांच्या दिवशी.)

«झाडेझुडपे»वर थांबावे लागले. मूळ रूप शोधले तर २२ ठिकाणी मिळाले आणि मी खूश झाले. मग लक्षात आले की मराठी शब्द वाक्यात मूळ रूपात बसतच नाही. झाडाझुडपांत, झाडा-झुडपांना, झाडं झुडपं, झाडेझुडुपे. प्रत्येक सामान्यरूप वेगळे. शोध मुळाला लावायला हवा आणि मध्ये काहीही येऊ द्यायला हवे. लिब्रेऑफिसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन चालू करून:

```
झाड[ाे]?ं?[-– ]?झुड
```

आता १०४. बावीसवर विसंबले असते तर ८२ ठिकाणे पुस्तकात तशीच छापली गेली असती. स्टाइलशीटमध्ये अशा शब्दापुढे मूळ रूपाबरोबर एक सामान्यरूपही लिहायचे ठरवले: «झाडेझुडपे, झाडाझुडपांत». नुसते पहिले रूप दिले तर दुसरे वाचणारे काका विचारतात, "विभक्तीत पण जोडायचं का?" आणि त्यांचा प्रश्न रास्त असतो.

जोडायचे की हायफन द्यायचा, याची कसोटी मी अशी लावली. बोलताना जोडी एकच वस्तू म्हणून येते का? आईवडील, भाजीपाला, झाडेझुडपे, गुरेढोरे: जोडून. दोन वेगळ्या, मोजता येणाऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत का? करवंद-तोरण, कोयना-कृष्णा, कोकण-घाटमाथा: हायफन. तिथे हायफनच्या जागी «आणि» घालून वाक्य वाचले तर अर्थ तोच राहतो. «गुरे आणि ढोरे» म्हटले की मात्र कानाला खटकते.

१३ जून

«पानेबिने», «मुळ्याबिळ्या» असे दोन शब्द गावकऱ्यांच्या बोलण्यात आले आहेत. जोडून. संवादातले बाकी काहीही बदलायचे नाही.

१७ जून

आकडे. हा दिवस खूप लांबला, आणि तो लांबायलाच हवा होता.

सुरुवातीला मी साधा नियम धरला होता: एक ते दहा शब्दांत, पुढे आकड्यांत. एकक जोडलेले असेल तर नेहमी आकडा: ३ मी., ७ सें.मी. मग आकड्यांमधला हायफन शोधला. दोन्ही लिप्यांचे आकडे एकदम पकडायला लिब्रेऑफिसमध्ये \d चालतो:

```
\d+ ?[-–] ?\d+
```

एकूण ४८६. हे सगळे «५ ते ७» अशा तऱ्हेने बदलून टाकावेत असा मोह झाला. सुदैवाने पहिली दोन पाने हाताने पाहिली, आणि लागोपाठ हे भेटले.

एक: सावरीच्या वर्णनात «पर्णिका ५-७». दोन: «या देवराईत आता ५-७ झाडेच उरली आहेत.» तीन: «१९९८-९९च्या हंगामात फुलोरा उशिरा आला.» चार: «प्लॉट ३-४ मध्ये».

हायफन चारही ठिकाणी एकच, कामे चार वेगळी. पहिल्यात मोजलेली मर्यादा आहे: पाचाहून कमी सहसा नाहीत, साताहून जास्त सहसा नाहीत. दुसऱ्यात कुणी मोजलेले नाही, «पाच-सात» हा मराठीतला अंदाज आहे. बोलताना पाच-सात म्हणणारा माणूस आठला खोटा ठरत नाही. तो आकड्यांत छापला की वाचकाला वाटते, गणना झाली आहे. शास्त्रीय पुस्तकात ही लहान चूक नव्हे, कारण दहा वर्षांनी कुणीतरी तीच ओळ «पाच ते सात झाडे नोंदवली गेली» म्हणून उद्धृत करील. तिसऱ्यात एकच हंगाम दोन इंग्रजी वर्षांवर पसरलेला आहे. तिथे «ते» घातले तर दोन हंगाम होतात. चौथ्यात मर्यादाही नाही आणि अंदाजही नाही. तो तिसऱ्या प्लॉटचा चौथा तुकडा आहे. हे तर मला सरांनी सांगितले तेव्हा कळले.

संध्याकाळी दीड तास फोन. मी एकेक ओळ वाचत गेले आणि सर सांगत गेले: "मोजलंय", "अंदाज", "हे गावातल्या गुरवानं सांगितलेलं". ४८६ पैकी साधारण शंभर ठिकाणी मला एकटीला ठरवता आले नसते. एका ठिकाणी ते बराच वेळ गप्प होते. «वय ३०-४० वर्षे» असे एका झाडाबद्दल होते. मग म्हणाले, "हे मी मोजलेलं नाही. ऐकलेलं आहे. तीस-चाळीस लिहा, शब्दांत."

निर्णय:

अंदाज नेहमी शब्दांत आणि हायफनने: पाच-सात झाडे, तीस-चाळीस वर्षे. इथे «दहानंतर आकडे» हा नियम लागू नाही. मोजलेली मर्यादा आकड्यांत आणि «ते»ने: पर्णिका ५ ते ७, उंची १५ ते २० मी. तक्त्यात जागा नसते, म्हणून तिथे मधला डॅश, दोन्ही बाजूंना जागा न सोडता. जोडवर्षे हायफनने, दुसऱ्या वर्षाचे शेवटचे दोन अंक: १९९८-९९. प्लॉटचे क्रमांक तिरक्या रेघेने, ३/४, म्हणजे मर्यादेशी गोंधळ होणारच नाही.

संपूर्ण पत्रकातला हा मला सगळ्यांत मोलाचा परिच्छेद वाटतो. बाकीचे नियम पान नीटनेटके ठेवतात, हा नियम खरेखोटे सांभाळतो.

१८ जून

आकड्याला लागणारे प्रत्यय. पहिल्या फाइलमध्ये «१९ व्या», «१९व्या» आणि «१९-व्या», तिन्ही. विभक्तिप्रत्यय आणि क्रमवाचक «वा, वी, व्या» आकड्याला जोडून: १९०१च्या, १९व्या. शब्दयोगी अव्यये मात्र सुटी: १९०१ मध्ये, १९०१ पासून. व्याकरणाच्या दृष्टीने शब्दयोगीही शब्दाला जोडूनच यायला हवे, «घरामध्ये» लिहितो तसे. पण आकड्याला लांब अव्यय चिकटले की नजर अडखळते, आणि बहुतेक वाचकांना सुट्याची सवय आहे. मध्ये न तुटणारी जागा घालायची, नाहीतर «१९०१» ओळीच्या शेवटी आणि «मध्ये» पुढच्या ओळीत जाते. १२ तारखेच्या नोंदीत मी «१९७२मध्ये» लिहिले ते या हिशेबाने चुकले. राहू दे, नोंद आहे.

दीड, अडीच, सव्वा, साडेतीन: मजकुरात शब्दांतच. «१.५ फूट» फक्त तक्त्यात. एकक असेल तर आकडा, या नियमाला हा अपवाद. दीड फूट हे मराठीत जितके अचूक आहे तितकेच ओघवते.

२३ जून

आज चूक केली.

फाइलमध्ये देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळलेले आहेत. सरांच्या संगणकावर वरच्या रांगेतून देवनागरी आकडे उमटतात आणि उजवीकडच्या नंबरपॅडवरून इंग्रजी, हे त्यांनीच सांगितले. निर्णय सरळ होता: मराठी मजकुरात देवनागरी आकडे. ० ते ९ साठी दहा वेळा «सगळे बदला» चालवले. पाच मिनिटांत काम झाले, आणि तिसऱ्या परिशिष्टात वनस्पतिसंग्रहालयांतले नमुनाक्रमांक देवनागरीत गेलेले दिसले. रोमन आद्याक्षरांपुढे देवनागरी आकडे. अक्षांश-रेखांशही गेले, इंग्रजी संदर्भसूचीतली वर्षे आणि पानेही.

नमुनाक्रमांक म्हणजे पत्ता. कुणाला तो वाळवलेला नमुना कपाटातून काढून पाहायचा असेल तर क्रमांक कागदावर आहे तसाच लागतो. उलट बदल करणेही शक्य नव्हते, कारण आता कोणता आकडा मुळात कोणता होता हे कळायला मार्गच नाही. सकाळची प्रत होती म्हणून निभावले.

२४ जून

पुन्हा, या वेळी क्रमाने. आधी ज्यांना हात लावायचा नाही ते सगळे पिवळे केले: नमुनाक्रमांक, अक्षांश-रेखांश, इंग्रजी संदर्भ, आयएसबीएन. फक्त या भागांतले इंग्रजी आकडे मोजून ती संख्या वहीत लिहिली. मग बदल नोंदवण्याची सोय चालू ठेवून, पिवळे भाग सोडून, एकेक प्रकरण निवडून, निवडीपुरताच बदल. शेवटी पिवळ्या भागातले आकडे पुन्हा मोजले. संख्या तीच आली म्हणजे कुणालाही धक्का लागलेला नाही.

पण त्याआधी, मूळ प्रतीत, हे शोधून पाहिले आणि बरे झाले:

```
[0-9][०-९]|[०-९][0-9]
```

एकाच संख्येत दोन लिप्या: ३७ ठिकाणी. त्यांतली ३० शून्याची. देवनागरी शून्य आणि इंग्रजी शून्य छापील पानावर जवळजवळ सारखेच दिसतात, तीनदा वाचूनही सुटतात. संगणकाला मात्र ते वेगळे. असे वर्ष शोधात सापडत नाही आणि सूचीत भलत्या जागी बसते. आणखी चार ठिकाणी शून्याच्या जागी लाघवचिन्ह होते, म्हणजे «डॉ॰»मध्ये असते ते छोटे वर्तुळ. ते फक्त पान खूप मोठे करून पाहिल्यावर दिसले. आता त्याचा वेगळा शोध पत्रकात लिहून ठेवला आहे.

पत्रकातली ओळ: आकडा आजूबाजूच्या लिपीचा. रोमन नोंदीत इंग्रजी, मराठी वाक्यात देवनागरी. स्वल्पविरामही त्याच न्यायाने, मराठीत १,४०,००० आणि इंग्रजी संदर्भात तो मूळ छपाईत असेल तसा.

३० जून

कॅपिटल. देवनागरीला हा प्रश्नच नाही, पण या ग्रंथात सहाशेवर शास्त्रीय नावे रोमन लिपीत आहेत. तिथे तो आहे, आणि हायफनशी गुंतलेला आहे.

नियम वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असतो: प्रजातीचे, म्हणजे पहिले, नाव मोठ्या अक्षराने, जातीचे दुसरे नाव लहान अक्षराने, दोन्ही तिरप्या ठशात. तरी फाइलमध्ये १४० ठिकाणी दुसरे नाव मोठ्या अक्षराने होते. सरांसारखा माणूस हे चुकेल हे मला पटेना, म्हणून कारण शोधले. कारणे दोन निघाली.

पहिले जुन्या ग्रंथांचे. हूकरचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वनस्पतींवरचा सात खंडांचा ग्रंथ १८७२ ते १८९७ मधला. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा कुकचा ग्रंथ १९०१ ते १९०८ मधला. थिओडोर कुक पुण्याच्याच सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते, त्यामुळे इकडच्या प्रत्येक अभ्यासकाच्या टेबलावर त्यांचा ग्रंथ असतो. त्या काळी दुसरे नाव जर एखाद्या माणसावरून, जुन्या प्रजातीनामावरून किंवा झाडाच्या स्थानिक नावावरून आलेले असेल तर तेही मोठ्या अक्षराने छापत. सरांनी जिथे या ग्रंथांतून उतरवून घेतले तिथे ती रीत सोबत आली. आज सगळीकडे लहान अक्षर चालते.

```
जुनी रीत:  Terminalia Arjuna
आता:      Terminalia arjuna
जुनी रीत:  Strychnos Nux-vomica
आता:      Strychnos nux-vomica
```

दुसरे कारण मला अपेक्षितच नव्हते. पहिल्या परिशिष्टातल्या तक्त्यात प्रजातीचे नाव एका रकान्यात आणि जातीचे पुढच्या रकान्यात आहे. वर्डच्या आपोआप दुरुस्त्यांत तक्त्याच्या प्रत्येक चौकटीतले पहिले अक्षर मोठे करण्याची सोय असते, आणि ती चालू होती. म्हणजे सरांनी बरोबर टाइप केले, यंत्राने बिघडवले. १४० पैकी ९० इथलीच. ती सोय आधी बंद केली, नाहीतर मी दुरुस्त करीन आणि ते पुन्हा मोठे होईल.

मजकुरातली उरलेली नावे शोधायला, Match case वर खूण करून:

```
\b[A-Z][a-z]+ [A-Z][a-z-]+
```

यात स्थळांची आणि माणसांची नावेही येतात, म्हणून एकगठ्ठा बदल नाही. एकेक अक्षर निवडून Shift+F3. नावामागे येणाऱ्या नामकर्त्यांच्या आद्याक्षरांना हात लावायचा नाही, ती मोठीच राहतात.

आता हायफन. मराठी प्रकरणांत मी ठिकठिकाणी हायफन काढत आले आहे, आणि हात त्या सवयीने इथेही चालू लागला होता. पण या नावांत हायफन हा नावाचाच भाग आहे:

```
Nyctanthes arbor-tristis L.     पारिजातक
Hibiscus rosa-sinensis L.       जास्वंद
Strychnos nux-vomica L.         काजरा
```

लिनेअसच्या काळी अशी दोन शब्दांची नावे सुटी लिहीत. पुढे वनस्पतींच्या नामकरण संहितेने ठरवले की जातीचे नाव एकच पद असले पाहिजे. दोन शब्द असतील तर ते जोडा किंवा हायफनने बांधा. म्हणून पारिजातकाच्या नावातला हायफन गळला आणि जागा राहिली, तर वाचकाला नाव तीन पदांचे वाटते, जणू एखादी उपजाती आहे. फाइलमध्ये पारिजातक सहा वेळा असा सुटा होता. या हायफनाच्या नावांची यादी लहानच आहे, ११ नावे, ती पत्रकात पूर्ण दिली.

१ जुलै

संस्थांची संक्षिप्त नावे. इंग्रजीत जिथे सगळी अक्षरे मोठी करून भागते, तिथे देवनागरीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे «बी.एन.एच.एस.», «बी एन एच एस», «बीएनएचएस» असे तीन प्रकार झाले होते. टिंबांशिवाय जोडून, आणि प्रकरणात पहिल्यांदा येईल तेव्हा पूर्ण नाव. माणसांच्या आद्याक्षरांना टिंब राहील.

पक्ष्यांच्या इंग्रजी नावांचे एक छोटे परिशिष्ट आहे. तिथे प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने, पण हायफननंतरचे वर्णनात्मक पद लहान:

```
White-rumped Vulture
```

५ जुलै

पत्रक पाच पानांचे झाले होते. ते कुणी वाचणार नाही. अक्षरजुळणी करणारे दादा स्क्रीनच्या कडेला एक कागद चिकटवतात, दोन बाजूंचा. त्यावर मावेल तेवढेच त्यांच्या उपयोगाचे.

कापताना एकच प्रश्न विचारला: हे कुठल्याही चांगल्या शब्दकोशात सापडेल का? सापडत असेल तर काढले. मग ज्या शब्दाचे सगळ्या बाडात एकच रूप होते तेही काढले, कारण जिथे घोळ नाही तिथे निर्णयाची गरज नाही. राहिले ते असे: वर नियमांच्या १४ ओळी, खाली अकारविल्हे ७६ शब्द, मागे हायफनाची ११ नावे आणि शोधांची चौकट. शब्दांचा भाग नमुन्यादाखल:

```
करवंद-तोरण
गुरेढोरे, गुराढोरांना
झाडेझुडपे, झाडाझुडपांत
निमसदाहरित
पाच-सात (अंदाज) / ५ ते ७ (मोजलेले)
बीएनएचएस
हळूहळू
```

अकारविल्हेच का, विषयवार का नाही? कारण वाचणारा अडतो तो शब्दाशी. तो «द्वंद्व समास» शोधत नाही, «गुरेढोरे» शोधतो.

१६ जुलै

काकांचे वाचन झाले. पत्रकात नसलेल्या २३ गोष्टी त्यांनी पेन्सिलीने काढल्या. त्यांतल्या १९ शब्दांची फक्त भर घातली. चार ठिकाणी मात्र पत्रकच अपुरे पडले होते. «कोकण-घाटमाथा» हायफनने ठरवले होते, पण «कोकणपट्टी» जोडून आहे आणि एका वाक्यात दोन्ही आले तर? काकांचे म्हणणे: पहिल्यात दोन प्रदेश, दुसऱ्यात एक. बरोबर. कसोटी तीच राहिली, फक्त उदाहरण वाढले.

प्रत्येक बदलापुढे तारीख घालते आहे आणि वर आवृत्ती क्रमांक. दादांकडे दुसरी आवृत्ती आणि काकांकडे तिसरी, असे झाले तर पत्रक नसलेले बरे.

२ ऑगस्ट

पहिली मुद्रिते. ३९६ पाने. आकडे स्वच्छ, मिसळलेली एकही संख्या नाही. «निमसदाहरित» सगळीकडे जोडून.

पान २१२ वर पारिजातकाचे नाव ओळीच्या शेवटी नेमके हायफनावर तुटले आहे. आता वाचणाऱ्याला कळणार नाही की हा हायफन नावातला की ओळ तोडताना आलेला. हायफन न तुटणारा करून टाकला असता, पण मग पुढच्या वेळी शोधात तो पुन्हा हरवेल, ९ जूनला झाले तसे. म्हणून फाइलमध्ये साधाच ठेवला आणि दादांना सांगितले की त्या ११ नावांना इनडिझाइनमधली No Break ही सोय लावा. त्यांनी एक कॅरेक्टर स्टाइल करून ती सगळ्यांना एकदम लावली. पान २१२ वर ओळ थोडी सैल झाली आहे, नाव अखंड आहे.

सरांचा निरोप: तिसऱ्या परिशिष्टातले दोन नमुनाक्रमांक त्यांनी संग्रहालयात जाऊन पडताळले, दोन्ही बरोबर आहेत. पान ८८ वरची «पाच-सहा झाडे» मात्र त्यांनी परवा जाऊन मोजली. आता तिथे «सहा» हवे, अंदाज नको.

बदलले.